सव्वीस कार्बनांचे मेदाम्ल पेरॉक्सिझोमकडेच का जाते?

कार्तिकी (धागाकर्ती)

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यातील प्रात्यक्षिकातून एक शंका निर्माण झाली, ती येथे मांडते.

उंदराच्या यकृताचा लगदा करून सेंट्रिफ्यूजने त्यातील पेरॉक्सिझोमचे प्रमाण वाढवलेला भाग आम्ही वेगळा केला. त्यात पामिटॉइल-को-ए, एनएडी, थोडे ट्रायटन आणि पोटॅशियम सायनाइड घातले. सायनाइडमुळे मायटोकाँड्रियाची श्वसनसाखळी बंद पडते, तरीही ३४० नॅनोमीटरवरील शोषण वाढत राहिले, म्हणजे एनएडीएच तयार होत राहिले. हे ऑक्सिडेशन पेरॉक्सिझोमचे आहे, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते मला पटले.

अडचण अशी की पामिटिक आम्ल सोळा कार्बनांचे आहे. पेरॉक्सिझोम बावीस आणि त्याहून अधिक कार्बनांची आम्ले हाताळतो व सोळा-अठरा कार्बनांची आम्ले मायटोकाँड्रियाची असतात, असे आम्ही शिकलो होतो. मग परीक्षानळीत पेरॉक्सिझोमने पामिटिक आम्ल कसे स्वीकारले? दुसरा प्रश्न असा की दोन्हीकडे त्याच चार पायऱ्या असताना, एटीपी न देणारी ही दुसरी व्यवस्था पेशीने कशासाठी ठेवली आहे?

दुर्गवाट

चार पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच असल्या तरी पहिल्या पायरीत मोठा फरक आहे. मायटोकाँड्रियात डिहायड्रोजनेज असते आणि त्याने काढलेले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत जातात. पेरॉक्सिझोममध्ये ऑक्सिडेज असते आणि ते इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देते, त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तुमच्या सायनाइडचा परिणाम झाला नाही त्याचे कारण हेच.

लांब साखळ्या कार्निटिनच्या वाटेने मायटोकाँड्रियात शिरू शकत नाहीत, म्हणून पेरॉक्सिझोम त्यांचे शेवटपर्यंत ऑक्सिडेशन करतो आणि संपूर्ण साखळीचे असिटिल-को-ए बनवतो. ऊर्जेच्या दृष्टीने हा फार तोट्याचा मार्ग आहे. निम्म्याहून अधिक एटीपी वाया जात असावे.

जुना_अणू

कार्तिकी, तुमचा पहिला प्रश्न ज्या ठिकाणी बोट ठेवतो, त्याच ठिकाणी या क्षेत्रातील जाणकारांची काही वर्षे चूक झाली होती. त्याकडे येतोच. आधी दुर्गवाट यांच्या उत्तराविषयी लिहितो. पहिल्या पायरीचे त्यांचे वर्णन अचूक आहे, परंतु 'शेवटपर्यंत' आणि 'निम्म्याहून अधिक' या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. त्यासाठी सव्वीस कार्बनांचे संपृक्त आम्ल घेऊ, जे रक्ताच्या अहवालात C26:0 असे लिहिलेले असते.

प्रत्येक फेरीत साखळीचे दोन कार्बन कमी होतात. पेरॉक्सिझोम हे काम साधारण आठ कार्बन उरेपर्यंत करतो. सव्वीसवरून आठवर येण्यासाठी नऊ फेऱ्या लागतात आणि त्यांतून नऊ असिटिल-को-ए, नऊ एनएडीएच व हायड्रोजन पेरॉक्साइडचे नऊ रेणू मिळतात. उरलेला आठ कार्बनांचा तुकडा कार्निटिनला जोडून मायटोकाँड्रियाकडे पाठवला जातो, तेथे आणखी तीन फेऱ्यांत त्याची चार असिटिल-को-ए होतात. म्हणजे पेरॉक्सिझोम साखळी आखूड करून पुढे देतो आणि शेवट मायटोकाँड्रियातच होतो. पेरॉक्सिझोममध्ये श्वसनसाखळी नाही, तसेच त्या असिटिल-को-एला जाळण्यासाठी क्रेब्ज चक्रही नाही. एनएडीएचमधील इलेक्ट्रॉनसुद्धा वाहक रेणूंच्या मदतीने बाहेर न्यावे लागतात.

आता हिशेब पाहू. हेच आम्ल पूर्णपणे मायटोकाँड्रियात जळले असते तर बारा फेऱ्या झाल्या असत्या. तेरा असिटिल-को-एचे १३०, बारा एनएडीएचचे ३० आणि बारा एफएडीएच-२ चे १८ असे १७८ एटीपी मिळाले असते. सुरुवातीला आम्ल सक्रिय करण्यासाठी लागणारे दोन वजा केले की १७६ उरतात. पेरॉक्सिझोमच्या वाटेने गेल्यास नऊ फेऱ्यांतील पहिल्या पायरीचे प्रत्येकी दीड, म्हणजे साडेतेरा एटीपी बुडतात. बाहेर पाठवलेल्या एनएडीएच आणि असिटिल-को-एचा पूर्ण उपयोग झाला असे धरले तर तोटा आठ टक्क्यांच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात तो थोडा अधिक असेल, पण निम्मा खचितच नाही. शिवाय कॅटालेज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचा एक रेणू परत मिळवते, त्यामुळे त्या नऊ फेऱ्यांत खर्च झालेल्या ऑक्सिजनपैकीही अर्धा परत येतो.

या आम्लांचे शरीरातील प्रमाण मुळातच अत्यल्प असते, त्यामुळे हा तोटा पेशीला जाणवतही नाही. त्यांचे ऑक्सिडेशन इंधनासाठी होत नसून विल्हेवाट लावण्यासाठी होते. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

कार्तिकी

हिशेब करून दाखवल्याबद्दल मनापासून आभार, सर. आठ टक्के ही संख्या मी कुठेही वाचली नव्हती. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहते.

समईची_वात

हा विषय आमच्या घरात नुकताच आला आहे म्हणून लिहिते. माझी बहीण अमेरिकेत असते. तिच्या बाळाच्या जन्मानंतरच्या रक्तचाचणीत व्हीएलकॅडची कमतरता असल्याची शंका आली आणि पुढे ती जनुकीय चाचणीत पक्की झाली. नावातच 'अतिदीर्घ साखळी' असल्यामुळे आम्ही वाचत वाचत अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीपर्यंत पोहोचलो आणि तेव्हापासून बहिणीला झोप नाही. बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का? पेरॉक्सिझोमचा हाच तो आजार आहे का?

मेंदूमळा

ताई, हा तो आजार नाही. मी बालमेंदूविकार या विषयात काम करतो. बाळाचे उपचार तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावेत, परंतु या दोन नावांमधील गोंधळ मी येथे दूर करू शकतो, आणि तो करणे आवश्यक आहे.

व्हीएलकॅड हे मायटोकाँड्रियातील विकर आहे. त्याच्या नावात 'अतिदीर्घ' असले तरी ते प्रामुख्याने चौदा ते अठरा-वीस कार्बनांच्या साखळ्यांवर, म्हणजे आपल्या रोजच्या खाद्यतेलातील आणि शरीरातील साठ्याच्या चरबीवर काम करते. हे नाव मायटोकाँड्रियातील त्याच्या भावंड विकरांच्या तुलनेत ठेवले गेले. ते विकर कमी पडले की उपाशी राहिल्यावर चरबीतून ऊर्जा मिळवण्यात अडथळा येतो, आणि म्हणून साखर घसरणे, केटोन पुरेसे न बनणे, हृदयाचा स्नायू कमकुवत होणे किंवा मोठेपणी श्रमानंतर स्नायू दुखावून लघवी गडद होणे अशी लक्षणे दिसतात. अहवालात वाढलेला घटक चौदा कार्बनांचा, एक दुहेरी बंध असलेला अॅसिलकार्निटिन असतो. तो C14:1 असा लिहिलेला तुम्हाला आढळेल. सव्वीस कार्बनांचे आम्ल या मुलांमध्ये वाढत नाही, कारण त्याचे काम करणारे पेरॉक्सिझोम त्यांच्याकडे सुस्थितीत असतात.

काळजीची दिशाच वेगळी आहे. तुमच्या भाच्याच्या बाबतीत दोन आहारांमधील अंतर वाढू न देणे आणि ताप किंवा उलट्यांच्या वेळी वेळेवर रुग्णालयात ग्लुकोज मिळणे हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीत उपवासाने साखर घसरण्याचा हा प्रश्न नसतो, कारण तेथे इंधनाचा मार्ग शाबूत असतो आणि न मोडलेले आम्ल साठत जाणे हा त्रास असतो.

समईची_वात

आम्ही अहवाल पुन्हा उघडून पाहिला. त्यात C14:1 असेच लिहिले आहे. डॉक्टरांनी रात्रीच्या दुधाची वेळ ठरवून दिली होती, ती इतकी काटेकोर का आहे हे बहिणीला आज समजले. आपले उपकार विसरणार नाही.

जुना_अणू

कार्तिकी यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. पेशीमध्ये कोणते आम्ल कोठे जाईल हे आतली विकरे जितके ठरवतात, त्याहून अधिक दारे ठरवतात. पेरॉक्सिझोममधील ऑक्सिडेज पामिटॉइल-को-एवरही उत्तम काम करते. परंतु अखंड पेशीत पामिटिक आम्ल बहुतांशी तेथपर्यंत पोहोचत नाही, कारण मायटोकाँड्रियाच्या बाह्य आवरणावरील कार्निटिन-पामिटॉइल ट्रान्सफरेज ते उचलून आत पाठवते. हे दार साधारण वीस कार्बनांपुढच्या साखळ्यांना फारसे उघडत नाही. उलट पेरॉक्सिझोमच्या आवरणावर एबीसीडी-१ नावाचे वाहक प्रथिन असते. ते अतिदीर्घ साखळ्या को-एला जोडलेल्या स्वरूपात घेते आणि त्यासाठी कार्निटिन लागत नाही.

आता तुमची नळी पाहा. तुम्ही आम्ल को-ए जोडूनच घातले, ट्रायटनने आवरणे सच्छिद्र केली आणि कार्निटिन घातलेच नाही. म्हणजे पेरॉक्सिझोमचे दार मोडले आणि मायटोकाँड्रियाचे बंद ठेवले. सायनाइडने आणखी एक काम केले. तयार झालेले एनएडीएच श्वसनसाखळीत खर्च होऊ दिले नाही, म्हणून ते साचले आणि तुम्हाला मोजता आले. लॅझारो आणि द दूव्ह यांनी १९७६ मध्ये उंदराच्या यकृतातील ही व्यवस्था पामिटॉइल-को-ए वापरूनच दाखवली होती, आणि क्लोफायब्रेट हे औषध दिलेल्या उंदरांत ती कितीतरी पटींनी वाढते हेही त्यांनी नोंदवले. पेरॉक्सिझोम काय करू शकतो, हे त्या प्रयोगातून कळले. जिवंत प्राण्यात तो काय करतो, हे कळण्यासाठी रुग्णांच्या पेशी पाहाव्या लागल्या. झेलवेगर विकारात पेरॉक्सिझोम घडतच नाहीत, तरी त्या मुलांच्या त्वचेच्या पेशी पामिटिक आम्ल जवळजवळ नेहमीसारखे जाळतात, मात्र सव्वीस कार्बनांचे आम्ल त्यांना जाळता येत नाही. ज्यांच्यात कार्निटिनची वाट बंद आहे त्यांच्या पेशींत चित्र नेमके उलटे दिसते.

दाराकडे दुर्लक्ष झाल्याने चूक कशी झाली तेही सांगतो. १९८० च्या दशकात अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांच्या पेशींवर असे दिसले की चोवीस कार्बनांचे आम्ल मोकळे दिले तर त्याचे ऑक्सिडेशन कमी होते, परंतु को-ए जोडून दिले तर ते व्यवस्थित होते. त्यावरून, को-ए जोडणारे विकरच सदोष असावे असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो त्या वेळी अगदी तर्कशुद्ध वाटत होता. १९९३ मध्ये जनुक सापडले, तेव्हा ते विकराचे नव्हते, आवरणातील वाहकाचे होते. माझ्या समजुतीप्रमाणे, पेशी फोडून केलेल्या प्रयोगांत आवरणाचा अडथळाच उरत नसल्यामुळे वाहकाचा दोष झाकला जात होता. तुमच्या नळीत ट्रायटनने जे केले तेच.

घाण्याचे_तेल

मी लाकडी घाण्याचा व्यवसाय करतो. शेंगदाणा तेलाच्या तपासणी अहवालात बावीस आणि चोवीस कार्बनांची आम्ले असतात, सूर्यफुलाच्या तेलात ती फारच कमी दिसतात. हा धागा वाचून मनात आले की, ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने शेंगदाणा तेल बंद करावे का? आणि निरोगी माणसाने काय करावे?

जुना_अणू

आपले निरीक्षण बरोबर आहे. शेंगदाणा तेलात बावीस कार्बनांचे बेहेनिक आम्ल साधारण दीड ते साडेचार टक्के आणि चोवीस कार्बनांचे लिग्नोसेरिक आम्ल अर्धा ते अडीच टक्के असते. निरोगी माणसाचे पेरॉक्सिझोम ते सहज हाताळतात, त्याने काहीही बदलण्याचे कारण नाही.

रुग्णांच्या बाबतीत हा प्रयोग पूर्वीच झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी आम्ले वगळलेला आहार रुग्णांना दिला गेला, परंतु रक्तातील सव्वीस कार्बनांच्या आम्लाची पातळी त्याने खाली आली नाही. साठणारा बराच मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. लहान साखळीला दोन-दोन कार्बन जोडून ती लांबवली जाते आणि ते काम करणारे विकर आहार बदलल्याने थांबत नाही. त्यानंतर ओलेइक आणि इरुसिक आम्लांच्या ट्रायग्लिसराइडांचे चारास एक असे मिश्रण पुढे आले. लोरेंझो तेल या नावाने ते ओळखले जाते. ही आम्ले त्याच लांबवणाऱ्या विकराला गुंतवून ठेवतात आणि त्यामुळे रक्तातील पातळी खरोखरच खाली येते. परंतु लक्षणे सुरू झालेल्या मुलांमध्ये आजार त्याने थांबला नाही.

दुर्गवाट

माझी चूक दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे. मात्र आपल्या शेवटच्या वाक्याने मी गोंधळलो आहे. आम्ल साठल्यामुळे आजार होत असेल, तर पातळी खाली आल्यावर तो थांबायला हवा. तो थांबत नसेल, तर आम्लाचा साठा हे कारण आहे की केवळ खूण आहे?

मेंदूमळा

याचे पूर्ण उत्तर कोणाकडेही नाही. एका कुटुंबाचा अनुभव सांगतो, म्हणजे प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आठ वर्षांचा मुलगा शाळेत मागे पडू लागला होता. शिक्षकांना तो दुर्लक्ष करतो असे वाटे आणि एका ठिकाणी चंचलतेचे औषधही सुरू झाले होते. आईने सहज सांगितले की वर्षभरात त्याचा रंग सावळा झाला आहे, हिरड्यांवरही काळपट डाग आहेत. त्या एका वाक्याने दिशा मिळाली. सकाळचे कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप वाढलेले होते, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी निकामी होत होती. रक्तातील अतिदीर्घ साखळीच्या आम्लांची तपासणी केली. चोवीस आणि बावीस कार्बनांच्या आम्लांचे गुणोत्तर निरोगी व्यक्तीत ०.८ च्या जवळपास असते, त्याचे १.६ आले. सव्वीस आणि बावीसचे गुणोत्तर ०.०१ च्या आसपास असायला हवे, ते ०.०६ होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागील भागातील मायलिन दोन्ही बाजूंना नष्ट झालेले दिसले आणि त्या पट्ट्याच्या कडेला एमआरआयसाठी शिरेतून दिलेले औषध शोषले गेले होते, म्हणजे दाह चालू होता. मूलपेशी प्रत्यारोपणाचा उपयोग नुकसान थोडे असतानाच होतो. येथे ती वेळ निघून गेली होती. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले. त्याने ग्रंथीची उणीव भरून निघाली, मेंदूचा आजार मात्र त्याने थांबत नाही.

मग घरच्यांची तपासणी केली. आईची पातळी पूर्ण नॉर्मल आली, तरी जनुकीय चाचणीत ती वाहक निघाली. वाहक स्त्रियांपैकी १५ ते २० टक्के जणींची रक्तचाचणी अशी फसवते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. चार वर्षांच्या धाकट्या भावात तोच दोष होता आणि आम्लाची पातळीही थोरल्याइतकीच होती, परंतु त्याचा एमआरआय स्वच्छ होता. त्याचा दर सहा महिन्यांनी एमआरआय होतो. त्यांचा मामा चाळिशीचा आहे, त्याला पायांत ताठरपणा आहे आणि मेंदूत काहीही नाही. एकच दोष, जवळजवळ एकच पातळी आणि तीन निराळी आयुष्ये. म्हणून रक्तातील आकड्यावरून पुढचे भाकीत आम्ही करत नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१३ च्या अखेरीपासून प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते. तिचा हेतू भाकीत करण्याचा नसून धाकट्या भावासारख्या मुलांवर वेळेत नजर ठेवता यावी हा आहे.

जुना_अणू

मी आम्लाला कारण मानतो, परंतु पुरेसे कारण मानत नाही. हे जनुक काढून टाकलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांत तेच आम्ल साठते, तरी त्यांना मेंदूचा दाह होत नाही. म्हातारपणी मज्जारज्जूचा त्रास तेवढा होतो, म्हणजे मामाचा आजार होतो, भाच्याचा होत नाही. शिवाय लोरेंझो तेलाने रक्तातील पातळी उतरते म्हणून मेंदूतील पेशींच्या आवरणांत रुतलेले आम्ल तेवढेच उतरले असे धरता येत नाही.

मेंदूमळा

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींपासून आलेल्या प्रतिकारक पेशी मेंदूत स्थिरावतात आणि काही महिन्यांनी दाह थांबतो, मात्र रक्तातील आम्लाची पातळी पूर्णपणे सामान्य होत नाही. त्यावरून मला असे वाटते की संपूर्ण शरीरातील साठ्यापेक्षा त्या एका प्रकारच्या पेशींना आम्ल हाताळता येते की नाही हे अधिक निर्णायक असावे. दाहाची ठिणगी कशाने पडते हे मात्र त्यातूनही कळत नाही. काही मुलांत डोक्याला मार लागल्यानंतर आजार सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, बहुसंख्य मुलांत तसे काही सापडत नाही.

कार्तिकी

सर्वांची मी ऋणी आहे. आमच्या मार्गदर्शकांशी बोलले. पुढच्या वेळी ट्रायटन असलेली आणि नसलेली अशा दोन नळ्या शेजारी शेजारी चालवून पाहण्यास त्यांनी परवानगी दिली आहे. चोवीस कार्बनांचे आम्लही वापरावे का?

जुना_अणू

ट्रायटन नसलेल्या नळीत वेग कमी दिसेल, परंतु शून्य येणार नाही, कारण सेंट्रिफ्यूजच्या हाताळणीत बरेच पेरॉक्सिझोम आधीच फुटलेले असतात. कॅटालेजची क्रिया ट्रायटनसह आणि ट्रायटनशिवाय मोजून पाहा, म्हणजे किती पेरॉक्सिझोम अखंड उरले याचा अंदाज येईल आणि दोन नळ्यांतील फरकाला अर्थ राहील.

चोवीस कार्बनांचे मोकळे आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तसेच टाकले तर नळीच्या काचेला चिकटून बसते. पूर्वीच्या प्रयोगांत ते अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये विरघळवून देत आणि किरणोत्सारी कार्बन असलेले वापरत, कारण त्याचा वेग इतका कमी असतो की ३४० नॅनोमीटरवर तो दिसणे अवघड असते. मोकळे आम्ल दिल्यास एटीपी, मॅग्नेशियम आणि को-एही नळीत घालावे लागेल. तुमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थांची सोय नसेल तर या सत्रात पामिटॉइल-को-एच्या दोन नळ्यांवरच थांबा आणि आकडे आल्यावर येथे लिहा.